हाय, हॅलो, ? : अशा तीन तुटक मेसेजना पहिलं उत्तर काय द्यायचं?

पेटीवाली · मंगळवार, रात्री ९:४०

हापूसचा हंगाम सुरू झाला की धंद्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर रोज नवी माणसं येतात. त्यातल्या बऱ्याच जणांचं ठरलेलं असतं: १०:०२ ला Hi, त्याच मिनिटात Hello आणि १०:०३ ला नुसतं ?. काय हवंय ते कुठेच नाही. पेट्या भरताना फोन लांब असतो. अर्ध्या तासानं बघावं तर माणूस गायब.

मी आत्तापर्यंत "बोला" असं उत्तर देत होते. त्यावर निम्मे लोक पुन्हा Hi म्हणतात. उत्तर तिन्ही मेसेजना मिळून एकच द्यायचं का? त्यात नेमकं काय लिहायचं? आणि हे आपोआप जाईल अशी सोय बिझनेस अ‍ॅपमध्ये आहे का? जाणकारांनी सांगावं.

---

वेशीवरचा · मंगळवार, रात्री ९:५८

ताई, अनोळखी नंबरवरून नुसतं Hi आलं तर उत्तरच देऊ नका. नंबर चालू आहे एवढंच त्यांना हवं असतं. पुढे गोड बोलून गुंतवणुकीच्या नावाखाली लुबाडतात. ब्लॉक करा आणि सोबत रिपोर्टही करा. रिपोर्ट केल्यावर त्या नंबरचे शेवटचे पाच मेसेज व्हॉट्सअ‍ॅपकडे जातात. संचार साथीच्या साइटवर 'चक्षू' आहे, तिथेही कळवता येतं. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० ला फोन करा.

---

चौकटराजा · मंगळवार, रात्री १०:०५

वेशीवरचा, माहिती बरोबर आहे, पण प्रश्न वेगळा आहे. ज्यांचा नंबर दारोदारच्या फलकावर छापलाय त्यांनी अनोळखी माणसाला ब्लॉक करायचं म्हणजे दुकान उघडून आतून कडी लावण्यासारखं आहे.

पेटीवाली ताई, उपाय सोपा आहे. बिझनेस अ‍ॅपमध्ये Business tools मध्ये जा, Greeting message चालू करा, मजकूर टाका. कुणी Hi म्हटलं रे म्हटलं की उत्तर जाणार. विषय संपला.

---

वहीखाते · मंगळवार, रात्री १०:४१

चौकटराजा, अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यातच लोक फसतात.

Greeting message प्रत्येक Hi ला जात नाही. माणूस पहिल्यांदाच मेसेज करतो तेव्हा, किंवा आधीच्या बोलण्याला १४ दिवस उलटून गेले असतील तेव्हाच तो जातो. म्हणजे सोमवारी दर विचारून गेलेला माणूस शुक्रवारी Hi म्हणाला तर आपल्याकडून काहीच जाणार नाही. आपण मात्र "ऑटो लावलंय, गेलं असेल" या भरवशावर निवांत. आंब्याच्या धंद्यात नेमका हाच माणूस मोलाचा असतो. चार ठिकाणी दर विचारून तो परत आलेला असतो.

Away message वेगळा. तो कायम, ठरावीक वेळापुरता किंवा कामाच्या वेळेबाहेर असा लावता येतो. पण तो जाण्यासाठी फोनला इंटरनेट चालू हवं. बागेत रेंज नसेल तर तोही अडकतो.

म्हणून मी तीन गोष्टी वेगळ्या धरते. नव्या माणसासाठी Greeting, रात्रीसाठी Away, आणि परत आलेल्यासाठी Quick reply, म्हणजे आधी लिहून ठेवलेला मजकूर. चौकटीत / टाइप केलं की आपले शॉर्टकट दिसतात, त्यातला निवडायचा. असे ५० ठेवता येतात. आंब्याला सहा-सातच पुरतात. पन्नास केले तर कुठला कशाचा ते शोधण्यातच वेळ जातो.

आता मुख्य मुद्दा, मजकूर. तिन्ही मेसेजना मिळून एकच उत्तर. कुठल्याही मेसेजला कोट करून उत्तर देऊ नका. विशेषतः ? ला तर नाहीच. त्याचा अधीरपणा पुन्हा त्याच्याच समोर धरल्यासारखं ते दिसतं.

"बोला" का चालत नाही? कारण माणसानं Hi करून आपल्याकडे टोलवलेला चेंडू आपण तसाच परत टोलवतो. Hi म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा तीनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: नंबर बरोबर आहे का, पलीकडे कुणी जागं आहे का, आणि आता मी नेमकं काय लिहू. "बोला"मधून फक्त दुसरीचं उत्तर मिळतं.

तुम्ही सध्या काही Greeting लावलाय का? असेल तर इथे टाका, बघू.

---

पेटीवाली · मंगळवार, रात्री ११:१२

लावलाय. मला वाटत होतं तो सगळ्यांना जातो! १४ दिवसांचं माहीत नव्हतं. हा घ्या:

> 🙏 नमस्कार 🙏 आमच्याकडे आपले मनःपूर्वक स्वागत आहे. आम्ही आपल्यासाठी घेऊन आलो आहोत अस्सल देवगड हापूस, नैसर्गिकरीत्या पिकवलेला, थेट बागेतून आपल्या दारी. आपला मेसेज आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. आमचे प्रतिनिधी लवकरच आपल्याशी संपर्क साधतील. कृपया आपले नाव, पूर्ण पत्ता, पिनकोड, मोबाइल नंबर, किती डझन, कोणता साइज, कच्चा की पिकलेला आणि कोणत्या तारखेला हवे ते कळवा. धन्यवाद.

आमचे प्रतिनिधी म्हणजे मी आणि माझा भाऊ. 😅

---

वहीखाते · बुधवार, सकाळी ७:५०

हसू नका, पण हा मजकूर वाचून माणूस ? का पाठवतो ते कळतं. आठ गोष्टी विचारल्यात. Hi टाइप करणारा माणूस आठ उत्तरं टाइप करणार नाही. त्यात "लवकरच संपर्क साधतील" वाचल्यावर आता आपल्याला काही करायचं नाही असं त्याला वाटतं. तो थांबतो. मिनिटभरानं ? येतो.

मी असा करीन:

> नमस्कार, देवगड हापूससाठी मेसेज केलात ना? किती डझन हवेत आणि तुमचा पिनकोड काय, एवढंच कळवा. दर आणि पोचायचा दिवस मी आज दुपारी १ पर्यंत सांगते.
> आधीच्या ऑर्डरबद्दल असेल तर फक्त "ऑर्डर" लिहा.

आता एकेक वाक्य का ते सांगते.

पहिलं वाक्य नंबरची खात्री करून देतं. नंबर चुकला असेल तर माणूस लगेच "सॉरी" म्हणून निघून जातो, तुमचा वेळ वाचतो. दुसऱ्यात दोनच गोष्टी आहेत, दोन्ही आकड्यांत. "२ डझन 411038" एवढं लिहिलं की झालं. इंग्रजी कीबोर्डवरही जमतं, मराठी टाइप येत नसलं तरी अडत नाही. तीन गोष्टी विचारल्या की लोक पहिलीचंच उत्तर देतात, हे तुमचे जुने चॅट काढून बघितलंत तरी दिसेल. पत्ता, तारीख, कच्चा की पिकलेला हे सगळं दर पटल्यावर विचारायचं.

तिसऱ्यात घड्याळातली वेळ आहे. "लवकरच" नको. "थोड्या वेळात" नको. थोडा वेळ म्हणजे तुमच्यासाठी दोन तास, त्याच्यासाठी दोन मिनिटं. १ म्हटलं की ? येत नाही. मात्र १ म्हटलं तर १ च्या आत उत्तर गेलं पाहिजे. हा मजकूर रोज सकाळी बदलावा लागतो. बदलणार नसाल तर "सकाळी ८, दुपारी १ आणि रात्री ८ ला उत्तरं देतो" असं कायमचं लिहा.

शेवटची ओळ सगळ्यात उपयोगाची. नुसत्या Hi मागे कधी कधी तक्रार असते: पेटीत चार आंबे डागाळलेले निघालेत, पण सुरुवात कशी करावी कळत नाही. अशा माणसाला "अस्सल देवगड हापूस, थेट बागेतून" गेलं की तो भडकतो, आणि त्याचं चुकतही नाही.

---

चौकटराजा · बुधवार, सकाळी ८:२०

१४ दिवसांची गोष्ट मान्य, मला खरंच माहीत नव्हती. पण पहिल्याच उत्तरात दर का नाही टाकायचा? तो दरच विचारायला आलाय. फोटो आणि दरपत्रक फेका, हवं तो घेईल, नको तो जाईल.

---

वहीखाते · बुधवार, सकाळी ८:४५

डझनाचा दर फळाच्या साइजवर ठरतो. एका पेटीत फळ मोठं असेल तर चार डझन, लहान असेल तर सहा डझन बसतात. नुसता "पेटीचा दर" दिला की तो दुसऱ्याच्या सहा डझनांच्या पेटीशी ताडून बघतो आणि तुम्ही महाग ठरता. शिवाय पार्सलचा खर्च पिनकोडशिवाय सांगता येत नाही.

तरी तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. "डझनाला अमुकपासून पुढे" अशी एक ओळ टाकली तर ज्यांना परवडणार नाही ते तिथेच थांबतात. हंगामाच्या सुरुवातीला, दर चढे असताना, ही ओळ मी टाकीन. मेमध्ये नाही टाकणार. यावर मतं वेगळी असू शकतात.

---

मुळामुठा · बुधवार, सकाळी ९:३०

आमच्याकडे आयटीत हाच रोग आहे, आणि महाग पडतो. हिशेब बघा. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. पुण्यातून सकाळी १० ला कुणी Hi टाकलं तर तिथे रात्रीचे साडेबारा. तो माणूस सकाळी ९ ला बघतो आणि Hi म्हणतो, इथे संध्याकाळचे साडेसहा. पुण्यातला घरी गेलेला. प्रश्न दुसऱ्या दिवशी कळतो, उत्तर त्या रात्री. पहिल्याच मेसेजमध्ये प्रश्न असता तर एक दिवस वाचला असता.

यावर nohello.net नावाची साइटच आहे. काही जण तिची लिंक स्टेटसमध्ये लावून ठेवतात. ताईंनी पण लावावी का?

---

शेवंता_पाटील · बुधवार, सकाळी १०:१५

गिऱ्हाइकाला असली लिंक? देवा! तो आंबे मागायला आलाय, शिस्त शिकायला नाही. ऑफिसात बरोबरीच्या माणसाला एक वेळ चालेल. तिथेही वरच्या साहेबाचं Hi आलं तर कोण लावतंय लिंक.

ऑफिसात मी असं करते: Hi आलं की "नमस्कार, मीटिंगमध्ये आहे. प्रश्न इथेच लिहून ठेवा, ११:३० ला बघते." समोरच्याचा मान राहतो आणि प्रश्नही लिहून येतो. उलटं नुसतं Hi म्हणायचं नाही. ते म्हटलं की आपण हजर आहोत असं धरून तो लगेच फोन लावतो.

---

मुळामुठा · बुधवार, सकाळी १०:३२

"लिहून ठेवा" हा शब्दप्रयोग आवडला. तरी लिंकचा माझा आग्रह कायम आहे. एकदा वाचली की माणूस पुन्हा तसं करत नाही.

---

शेवंता_पाटील · बुधवार, सकाळी १०:३४

करत नाही कारण तो तुम्हाला मेसेजच करत नाही.

---

यंत्रमाग · बुधवार, दुपारी १२:०५

बिझनेस अ‍ॅप नाही, एपीआयवर स्वतःचा बॉट चालवणाऱ्यांसाठी लिहितो. तिथे हा त्रास वेगळ्या तोंडानं येतो. Hi, Hello आणि ? हे तीन वेगळे मेसेज म्हणून सर्व्हरवर आदळतात आणि बॉट तीन वेळा तेच स्वागत करतो. समोरच्याला लगेच कळतं की पलीकडे यंत्र आहे.

उपाय म्हणजे शेवटच्या मेसेजनंतर काही सेकंद थांबायचं, तोवर आलेलं सगळं गोळा करायचं आणि एकच उत्तर द्यायचं:

```
const bag = {}, timer = {}, seen = new Set();

function onMessage(m) {
  if (seen.has(m.id)) return;
  seen.add(m.id);
  (bag[m.from] ||= []).push(m.text?.body ?? "");
  clearTimeout(timer[m.from]);
  timer[m.from] = setTimeout(() => {
    answer(m.from, bag[m.from].join("\n"));
    delete bag[m.from];
  }, 8000);
}
```

seen ची ओळ गाळू नका. आपल्या सर्व्हरनं 200 वेळेत परत दिला नाही तर तोच मेसेज पुन्हा पाठवला जातो. मग माणसानं एकदाच Hi म्हटलेलं असतं आणि बॉट दोनदा नमस्कार घालतो. म्हणून 200 आधी द्यायचा, काम नंतर. आणि m.text?.body असंच लिहायचं, कारण माणूस फोटो किंवा व्हॉइस पाठवतो तेव्हा text नसतोच आणि साधा m.text.body तिथे कोसळतो.

---

वहीखाते · बुधवार, दुपारी १:३०

यंत्रमाग, कोडमधलं मला फारसं कळत नाही, पण ताईंच्या वेळा बघा. Hi आणि Hello एका मिनिटाच्या आत, ? पुढच्या मिनिटाला. तुमचे आठ सेकंद संपल्यावर Hello आलं तर पुन्हा दोन उत्तरं जाणारच की. आणि थांबायचं साठ सेकंद केलं तर त्या थांबण्यामुळेच ? येईल.

मला वाटतं इथे गोळा करणं हा उपाय नाही. Hi ला लगेच उत्तर गेलं तर बऱ्याचदा Hello आणि ? येणारच नाहीत. ते दोन्ही शांततेला दिलेली उत्तरं आहेत.

---

यंत्रमाग · बुधवार, दुपारी २:१०

हो, हे पटलं. गोळा करण्याची गरज असते ती "मला" / "दोन डझन" / "हवे होते" असं तोडून लिहिणाऱ्यांसाठी. तिथे आठ सेकंद बरोबर बसतात.

म्हणजे नियम असा होईल: मेसेजमध्ये काहीच नसेल, म्हणजे hi, hello, नमस्कार, नुसतं ? किंवा एखादी इमोजी, तर तत्काळ स्वागत पाठवायचं. त्यानंतर दोन मिनिटं आलेल्या रिकाम्या मेसेजकडे बॉटनं बघायचं नाही, कारण आपलं उत्तर पोचेपर्यंत त्यानं Hello टाइप केलेलंच असतं. शब्द किंवा आकडा आला की मात्र नेहमीसारखं आठ सेकंदांचं गोळा करणं. सतत टाइप करणाऱ्यासाठी वरची मर्यादा २५ सेकंद, नाहीतर टायमर पुढे सरकतच राहतो.

दोन मिनिटांनंतरही ? आलं तर ते माणसाकडे द्यावं असं माझं मत. तोवर त्याचा बॉटवरचा विश्वास उडालेला असतो.

आणखी एक मर्यादा. हे टायमर सर्व्हरच्या मेमरीत असतात. मधेच सर्व्हर बंद होऊन चालू झाला तर गोळा केलेलं गेलं. एकाहून जास्त सर्व्हर असतील तर हा कोड तसाच चालणार नाही.

---

पेटीवाली · बुधवार, दुपारी ३:२५

बॉट माझ्या आवाक्याबाहेरचा आहे, पण "शांततेला दिलेली उत्तरं" हे नेमकं आहे. एक विचारते. मी मेसेज उघडून वाचते, निळ्या टिका जातात, मग पेटी भरायला वळते, आणि तेवढ्यात ? येतो. याचा त्याच्याशी संबंध असावा का?

---

वहीखाते · बुधवार, दुपारी ४:००

शंभर टक्के. राखाडी टिकांवर माणूस थांबतो, निळ्यांवर थांबत नाही. "बघितलं आणि बोलत नाही" असा त्याचा अर्थ होतो. लगेच लिहिणार नसाल तर चॅट उघडूच नका. वरून ओढलेल्या सूचनेत मेसेज वाचला तर टिका निळ्या होत नाहीत. सेटिंगमधून निळ्या टिका बंदही करता येतात, पण मग समोरच्याच्या तुम्हालाही दिसत नाहीत. पत्ता पाठवलाय आणि त्यानं वाचला की नाही हे तुम्हाला धंद्यात कळायला हवं, म्हणून बंद करू नका.

आणि उघडलंच तर उत्तराच्या आधी वर सरकवून बघा. हे खरं तर पहिल्याच उत्तरात लिहायला हवं होतं. सगळे Hi-Hello-? सारखे नसतात. चॅट कोरं असेल तर नवा माणूस, त्याला वरचं स्वागत. वर चार दिवसांपूर्वीचा दर असेल तर त्याला पुन्हा स्वागत घालायचं नाही. "नमस्कार, चार दिवसांपूर्वी २ डझनांचं बोलणं झालं होतं. तोच दर आहे, शनिवारची गाडी आहे. पाठवू का?" असं थेट. हो किंवा नाही एवढंच त्याला म्हणायचं राहतं. आणि वर पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट दिसत असेल तर त्या ? चा अर्थ एकच: "माझे आंबे कुठे आहेत?" तिथे नमस्काराच्या आधी पार्सलची स्थिती लिहा.

रोज वर सरकवत बसायला वेळ नसेल तर लेबलं लावा. New order, Pending payment, Paid अशी काही अ‍ॅपमध्ये तयारच असतात. यादीत लेबलाचा रंग दिसला की चॅट न उघडता कळतं, हा Hi कुठल्या जातीचा आहे.

---

वेशीवरचा · बुधवार, सायंकाळी ५:१५

काल मी भलतीकडेच गेलो होतो, मान्य. पण धंद्यातही खोटे Hi येतात. खरा गिऱ्हाईक आणि भामटा ओळखायचा कसा?

---

वहीखाते · बुधवार, सायंकाळी ५:४०

Hi वरून ओळखता येत नाही. डझन आणि पिनकोड विचारल्यावर ओळखता येतो. खरा माणूस आकडा देतो किंवा दर विचारतो. भामटा प्रश्न टाळून "तुम्ही कुठल्या? किती वर्षं धंदा?" असं वळण घेतो, किंवा दर न विचारताच वीस पेट्यांची ऑर्डर देतो आणि "पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" म्हणतो. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

---

सदाफुली · बुधवार, रात्री ८:३०

माझ्या आईचं सांगते. ती ६८ वर्षांची आहे आणि नेमकं असंच करते: Hi, Hello, ?. तिला अधीर म्हणू नका. तिला मराठी टाइप जमत नाही, इंग्रजीत hi आणि hello एवढंच येतं आणि प्रश्नचिन्ह म्हणजे "काय झालं हो?" एवढ्याच अर्थानं टाकते. समोरून "डझन आणि पिनकोड" आलं तरी ती अडेल, पिनकोड शोधायला पाकीट काढेल.

---

वहीखाते · बुधवार, रात्री ९:०५

हे मी पूर्ण विसरले होते. ताई, स्वागतात एक ओळ वाढवा: "टाइप करायचं नसेल तर माइकचं बटण दाबून बोलून पाठवा." आणि "पिनकोड"च्या जागी "पिनकोड किंवा गाव". दर सांगायला गाव पुरतं, पिनकोड पत्त्यासोबत येईलच.

---

चौकटराजा · बुधवार, रात्री ९:२०

भाषेचं काय? मुंबईत निम्मे गिऱ्हाईक हिंदी-गुजराती. Hi वरून कळत नाही. स्वागत दोन भाषांत द्यायचं का?

---

शेवंता_पाटील · बुधवार, रात्री ९:४४

दोन भाषांत दिलं की मजकूर दुप्पट होतो आणि कुणीच वाचत नाही. मराठीत द्या. हापूस मागणाऱ्याला "किती डझन" कळतं हो!

---

चौकटराजा · बुधवार, रात्री ९:५०

बडोद्याहून मेसेज करणाऱ्याला कळेलच असं नाही. निदान शेवटी एक ओळ हिंदीत हवी, असं मला अजून वाटतं.

---

यंत्रमाग · बुधवार, रात्री १०:३०

एक गोष्ट कुणी बोललंच नाही. नुसतं Hi येतंच कुठून? फलकावर दहा आकडी नंबर छापलाय. माणूस तो सेव्ह करतो, कोरी चौकट उघडते आणि कोऱ्या चौकटीत Hi च सुचतं. तिथे आधीच मजकूर भरून ठेवा:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Hapus%20-%20dozen%3A%20%0AGaav%3A%20
```

91 च्या पुढे तुमचे दहा आकडे. अधिकचं चिन्ह, शून्य, मोकळी जागा काही नको. %20 म्हणजे मोकळी जागा, %3A म्हणजे अपूर्णविराम, %0A म्हणजे नवी ओळ. लिंक दाबली की चौकटीत "Hapus - dozen:" आणि खाली "Gaav:" तयार दिसतं, माणसानं दोन जागा भरून पाठवायचं. मजकूर देवनागरीतही ठेवता येतो, पण तेव्हा लिंक लांबलचक आणि विचित्र दिसते. मग अ‍ॅपमधली Short link वापरा. तिथे मजकूर मराठीत लिहिता येतो, लिंक छोटीच राहते आणि क्यूआरही मिळतो. फलकावर तो छापा.

मर्यादा: लोक मजकूर पुसून Hi लिहू शकतात, आणि काही जण जागा न भरताच पाठवतात. पण "Hapus - dozen:" असं रिकामं आलं तरी निदान विषय तरी कळतो.

---

पेटीवाली · गुरुवार, सकाळी ६:५५

लिंक केली, भावाच्या फोनवरून तपासली, चालते. स्वागत बदललं ते असं:

> नमस्कार, देवगड हापूससाठी मेसेज केलात ना? किती डझन हवेत आणि गाव कोणतं, एवढंच कळवा. टाइप करायचं नसेल तर माइक दाबून बोला. दर आणि पोचायचा दिवस दुपारी १ पर्यंत सांगते.
> आधीच्या ऑर्डरबद्दल असेल तर फक्त "ऑर्डर" लिहा.

हिंदी ओळ अजून नाही टाकली, दराची पण नाही. / वर तीन शॉर्टकट केलेत: जुना दर, पार्सल कुठे आहे, आणि पैसे आले.

आता एकच अडचण. सकाळी ७ ते ९ बागेत रेंज नसते आणि नेमके तेव्हाच जास्त Hi येतात. Away जाणार नाही म्हणालात, मग Greeting तरी जाईल का?

---

वहीखाते · गुरुवार, सकाळी ७:३०

फोन ऑफलाइन असेल तर त्याच्याही भरवशावर राहू नका. सगळ्यात साधा मार्ग: धंद्याचं सिम आणि अ‍ॅप घरी राहणाऱ्या फोनवर ठेवा, वायफायला जोडून आणि चार्जरला लावून. तुमच्या खिशातल्या फोनवर ते खातं जोडलेलं उपकरण म्हणून घ्या. बागेतून रेंजमध्ये आलात की उत्तरं खिशातल्या फोनवरूनच द्या. घरच्या फोनला कुणी गेम खेळायला हात लावणार नाही एवढं बघा.